१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतला, तरी गेम अडखळतोच: काय तपासायचं आणि किती एफपीएसचं लक्ष्य ठेवायचं

मी गेमिंग पीसी जुळवून देतो आणि बिघडलेले दुरुस्तही करतो. त्यात सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार ही: "नवा मॉनिटर आणला, खोक्यावर १४४ हर्ट्झ लिहिलंय, पण जुन्यात आणि यात काहीच फरक दिसत नाही." पार्ट खराब निघाल्याची उदाहरणं यात फार थोडी असतात. बहुतेक वेळा दोष सेटिंगमध्ये किंवा केबलमध्ये सापडतो, आणि तिथे नसेल तर मशीनला न झेपणारं लक्ष्य ठेवलेलं असतं. म्हणून खालच्या तपासण्या याच क्रमाने करा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक रुपयाही लागत नाही.

लक्षणं

तुमचं लक्षण यांपैकी कोणतं आहे ते आधी ठरवा, कारण प्रत्येकाचं कारण वेगळं असतं.

- कोपऱ्यातला आकडा १२० किंवा १५० एफपीएस दाखवतो, तरी माउस फिरवताना चित्र जुन्या मॉनिटरसारखंच वाटतं.
- पटकन वळलं की चित्र आडवं फाटल्यासारखं दिसतं, वरचा भाग एकीकडे आणि खालचा दुसरीकडे.
- एफपीएस ६० च्या आसपास स्थिर आहेत, तरी कॅमेरा फिरवताना बारीक झटके जाणवतात.
- मोकळ्या मैदानात गेम छान पळतो, शहरात किंवा गर्दीत शिरला की अडखळतो.
- पहिली पंधरा-वीस मिनिटं ठीक जातात, मग एफपीएस हळूहळू घसरतात.
- अक्षरं आणि कडा धूसर दिसतात, जणू चित्र ताणून बसवलंय.

तीन आकडे, तीन वेगवेगळी कामं

फ्रेम रेट म्हणजे तुमचा कॉम्प्युटर एका सेकंदात किती नवी चित्रं तयार करतो ते. हे काम प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मिळून करतात आणि त्याचा आकडा एफपीएसमध्ये सांगतात. तो सतत बदलतो. भिंतीकडे बघत उभे राहिलात तर १५० होईल, स्फोट झाला की ६० वर येईल.

रिफ्रेश रेट म्हणजे मॉनिटर एका सेकंदात किती वेळा पडदा नव्याने रंगवतो ते, हर्ट्झमध्ये. हा आकडा एरवी ठरलेला असतो. ६० हर्ट्झचा मॉनिटर दर १६.७ मिलिसेकंदांनी पडदा रंगवतो, १४४ हर्ट्झचा दर ६.९ मिलिसेकंदांनी. त्या क्षणी कॉम्प्युटरकडून नवी फ्रेम आलेली नसेल तर मॉनिटर जुनीच पुन्हा दाखवतो. पडदा अर्धा रंगवून झाल्यावर नवी फ्रेम आली तर उरलेला अर्धा भाग त्या नव्या फ्रेमचा रंगवला जातो. चित्र फाटतं ते इथे.

यातून दोन गोष्टी निघतात. ६० हर्ट्झच्या पडद्यावर गेम १५० एफपीएसने चालला तरी पूर्ण चित्रं सेकंदाला ६० च दिसणार. माउसचा प्रतिसाद थोडा जलद वाटेल, पण पडदा तेवढाच गुळगुळीत राहील. उलट बाजूने, १४४ हर्ट्झच्या पडद्यावर कॉम्प्युटर ५० च फ्रेम देत असेल तर पडदा तीच चित्रं पुन्हा पुन्हा दाखवत बसेल. दोघांपैकी जो हळू, त्याच्यापुढे दुसऱ्याला जाता येत नाही.

रिझोल्यूशन म्हणजे प्रत्येक चित्रात किती ठिपके. १९२०×१०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके, २५६०×१४४० म्हणजे सुमारे ३६.९ लाख, आणि ३८४०×२१६० म्हणजे ८३ लाखांच्या जवळ, १०८०पीच्या बरोबर चौपट. ग्राफिक्स कार्डाला प्रत्येक फ्रेममध्ये हे सगळे ठिपके भरायचे असतात. त्यामुळे रिझोल्यूशन वाढवलं की कार्डावरचा भार वाढतो, पण प्रोसेसरचं काम जवळपास तेवढंच राहतं. दोष शोधताना हा फरक फार उपयोगी पडतो.

पहिली तपासणी: विंडोज किती हर्ट्झ पाठवतंय

वेळ एक मिनिट, खर्च शून्य, आणि माझ्याकडे येणाऱ्यांपैकी पुष्कळांचा प्रश्न इथेच संपतो. नवा मॉनिटर जोडल्यावर विंडोज अनेकदा ६० हर्ट्झच निवडतं आणि तसं सांगतही नाही.

विंडोज ११ मध्ये `Settings > System > Display > Advanced display` इथे जा. दोन पडदे जोडलेले असतील तर वरच्या यादीत योग्य पडदा निवडा. खाली `Choose a refresh rate` असेल, त्यात सगळ्यात मोठा आकडा निवडा. पडदा काळा झाला तर घाबरू नका, कशालाही हात न लावता थांबा. पंधरा सेकंदांत विंडोज आपोआप जुन्या सेटिंगवर येतं. ५९.९४ आणि ६० असे दोन्ही पर्याय दिसले तरी त्यांच्यातला फरक डोळ्यांना कळत नाही, कोणताही चालेल.

त्याच पानावर `Desktop mode` आणि `Active signal mode` अशा दोन ओळी असतात. दोन्हींमध्ये मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशनच हवं. पहिल्या ओळीत ते कमी असेल तर धूसर अक्षरांचं कारण सापडलं. मागे जाऊन `Display resolution` मध्ये ज्यापुढे `Recommended` लिहिलंय ते निवडा. एलसीडी पडद्याचे ठिपके पक्के असतात. १६००×९०० चं चित्र १९२० ठिपक्यांवर बसवायला ते ताणावंच लागतं आणि कडा धूसर होतात.

एनव्हिडिआचं कार्ड असेल तर त्यांच्या कंट्रोल पॅनलमधलं `Change resolution` हे पानही उघडून बघा. तिथे रिझोल्यूशनच्या यादीचे दोन भाग असतात, वर `Ultra HD, HD, SD` आणि खाली `PC`. वरच्या भागातली आकारमानं टीव्हीसाठीची असतात. त्यातलं १९२०×१०८० निवडलेलं असेल तर १४४ चा पर्याय दिसतच नाही. खाली उतरून `PC` मधलं १९२०×१०८० निवडा.

मॉनिटर आणि टीव्ही दोन्ही जोडून `Duplicate` ठेवलं असेल तरीही मॉनिटर टीव्हीच्या पातळीवर, बहुधा ६० वर, येऊन बसतो. ते `Extend` करा.

बदल खरंच झाला का हे बघायला `testufo.com` उघडा. वरच्या ओळीतलं यान खालच्यापेक्षा ठळकपणे गुळगुळीत सरकायला हवं आणि तिथे दिसणारा आकडा तुमच्या हर्ट्झशी जुळायला हवा.

दुसरी तपासणी: केबल कुठे लावलीय आणि कोणती आहे

विंडोजच्या यादीत १४४ दिसतच नसेल तर कॅबिनेटच्या मागे जा. तिथे केबल लावायच्या दोन जागा असतात. एक मदरबोर्डची, यूएसबी पोर्टांच्या शेजारी उभ्या पट्टीत. दुसरी ग्राफिक्स कार्डाची, त्याच्या खाली आडव्या पट्टीत. केबल खालच्या आडव्या पट्टीतच हवी. वर लावली तर कधी चित्रच येत नाही, आणि कधी प्रोसेसरमधल्या साध्या ग्राफिक्सवर सगळं चालतं आणि महागडं कार्ड रिकामं बसतं.

मग मॉनिटरचा पोर्ट. बऱ्याच स्वस्त १४४ हर्ट्झ मॉनिटरांत एचडीएमआयचा पोर्ट १.४ पिढीचा असतो आणि तो १०८०पीला १२० पर्यंतच जातो, काहींत त्याहूनही कमी. पूर्ण १४४ किंवा १६५ फक्त डिस्प्लेपोर्टवरून मिळतात. माहितीपुस्तिकेत प्रत्येक पोर्टसमोर त्याचा कमाल आकडा छापलेला असतो, तो वाचा. शक्य असेल तर सरळ डिस्प्लेपोर्ट वापरा. जुन्या मॉनिटरसोबत आलेली केबल नव्याला लावू नका, खोक्यातलीच वापरा. व्हीजीएवरून एचडीएमआय करणारा छोटा डबा मधे असेल तर ६० च्या वर जायची आशा सोडून द्या आणि तो काढून टाका.

केबल सैल किंवा निकृष्ट असेल तर एक ठरावीक खूण दिसते. ६० हर्ट्झवर सगळं ठीक चालतं, पण १४४ केलं की पडदा क्षणभर काळा होतो किंवा पांढरे ठिपके चमकतात. असं झालं तर कार्डाला दोष देण्याआधी दुसरी केबल लावून बघा.

तिसरी तपासणी: मॉनिटरचा स्वतःचा मेन्यू

मॉनिटरच्या बटणांनी मेन्यू उघडा. त्यात दोन गोष्टी शोधा. काही मॉनिटर १४४ वर चालू होतात आणि १६५ साठी मेन्यूत `Overclock` वेगळं चालू करावं लागतं. दुसरी गोष्ट `FreeSync` किंवा `Adaptive-Sync`. ते बंद असेल तर चालू करा. त्याचं काम खाली येईलच.

चौथी तपासणी: गेममध्ये काय अडकलंय

विंडोज १४४ वर आहे, तरी गेम ठीक नाही. गेमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये तीन जागा बघा. डिस्प्ले मोड फुलस्क्रीन असेल तर त्याच्या शेजारचा रिफ्रेश रेटही बघा, कारण काही जुने गेम फुलस्क्रीनमध्ये आपला वेगळा रिफ्रेश रेट निवडतात आणि तिथे ६० पडून राहिलेलं असतं. फ्रेम रेटची मर्यादा ६० वर तर नाही ना ते बघा. आणि व्ही-सिंक चालू आहे की बंद ते बघा.

व्ही-सिंकमुळे कार्ड नवी फ्रेम पडद्याच्या पुढच्या फेरीपर्यंत थोपवून धरतं, त्यामुळे चित्र फाटत नाही. पण त्याची किंमत असते. साध्या व्ही-सिंकमध्ये ६० हर्ट्झच्या पडद्यावर एखादी फ्रेम १६.७ ऐवजी १८ मिलिसेकंदांत तयार झाली, तर तिची फेरी चुकते आणि ती थेट ३३ व्या मिलिसेकंदाला दिसते. असं लागोपाठ झालं की गेम ६० वरून एकदम ३० वर आपटतो. आकडा सतत ६० आणि ३० मध्ये उड्या मारत असेल तर हेच चाललंय असं समजा.

लॅपटॉपवाल्यांनी इथेच चार्जर लावलेला आहे ना ते बघा. बॅटरीवर कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही आखडते घेतात, आणि बरेच लॅपटॉप पडदाही ६० वर आणतात.

पाचवी तपासणी: मोजा, आणि अडतंय कोण ते शोधा

इथपर्यंत सगळं बरोबर निघालं तर प्रश्न कॉम्प्युटरच्या ताकदीचा आहे. `Win + G` दाबा, उघडलेल्या पट्टीतून `Performance` घ्या आणि एफपीएसचा आकडा पिन करा. पहिल्यांदा विंडोज परवानगी मागतं आणि एकदा रीस्टार्ट करायला लावतं.

मोजताना एक पथ्य पाळा. मेन्यूत किंवा मोकळ्या मैदानात दिसणारा आकडा तुमचा नाही. त्या गेममधली सगळ्यात जड जागा शोधा, गर्दीचा बाजार, पाऊस, मोठी चकमक, आणि तिथे पाच मिनिटं खेळा. सरासरी बाजूला ठेवा आणि आकडा वारंवार किती खाली जातो ते लिहून घ्या. हाताला आणि डोळ्याला त्रास होतो तो त्या खालच्या आकड्याचा. ९० ची सरासरी असलेला आणि मधूनच ४० वर कोसळणारा गेम, कायम ६० वर राहणाऱ्या गेमपेक्षा वाईट वाटतो.

आता रिझोल्यूशन तात्पुरतं १२८०×७२० वर आणा आणि त्याच जागी पुन्हा मोजा. खालचा आकडा बराच वाढला तर अडचण ग्राफिक्स कार्डाची आहे, कारण त्याचं काम आपण निम्म्याहून कमी केलं. जवळपास तसाच राहिला तर अडचण प्रोसेसरची आहे, आणि मग ग्राफिक्सची सेटिंग कितीही उतरवली तरी फारसा फायदा होणार नाही. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्केच दिसतोय म्हणून त्याला सोडून देऊ नका. गेमचं मुख्य काम बरेचदा एक-दोन कोरवर चालतं. ते भरले की बाकीचे रिकामे असूनही गेम अडतो.

एक संच, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सांगलीतल्या एका अकरावीच्या मुलाचा संच माझ्याकडे आला होता. आय३-१२१००एफ प्रोसेसर, ४ जीबीचं जीटीएक्स १६५० कार्ड, ८ जीबी रॅम, आणि नवा २४ इंची १०८०पी मॉनिटर, १४४ हर्ट्झचा. व्हॅलोरंट "आधीसारखाच" वाटतो आणि ओपन-वर्ल्ड गेम शहरात अडखळतो, अशी तक्रार होती. वडिलांना कोणीतरी नवं कार्ड घ्यायला सांगून ठेवलं होतं.

विंडोज ६० वर होतं. यादीत १२० होते, १४४ नव्हते, कारण जुनी एचडीएमआय केबल वापरली होती आणि त्या मॉनिटरचा तो पोर्ट १२० लाच थांबत होता. खोक्यात पडून असलेली डिस्प्लेपोर्ट केबल लावली, १४४ निवडले. व्हॅलोरंटची तक्रार तिथेच मिटली. तो गेम हलका आहे, त्या संचावर आरामात १४४ च्या वर जात होता. पडदाच ते दाखवत नव्हता.

जड गेम राहिला. शहरात मोजलं तर आकडा ४२-४५ वर येत होता. ७२०पीवर तीच जागा ७० च्या आसपास आली, म्हणजे अडत होतं ते कार्ड. टास्क मॅनेजरमध्ये कार्डाची `Dedicated GPU memory` काठोकाठ भरलेली होती, कारण टेक्स्चर `Ultra` वर होते. कार्डाची मेमरी संपली की माल साध्या रॅममधून आणावा लागतो, आणि वळताना बसणारा मोठा धक्का त्याचाच असतो. टेक्स्चर `Medium` केल्यावर धक्के गेले. आकडा मात्र फारसा वाढला नाही, आणि ते अपेक्षितच होतं. टेक्स्चर उतरवून मेमरी सुटते, कार्डाचं मोजणीचं काम फार कमी होत नाही. ते कमी करायला सावल्या `Low` वर आणल्या आणि धुक्याचे परिणाम उतरवले. शहरातला तळ ५३-५५ वर आला. शेवटी एफएसआर `Quality` चालू केलं. त्यात गेम आतून १२८०×७२० वर चित्र बनवतो आणि मग ते १०८०पीपर्यंत मोठं करतो. लांबची झाडं आणि तारा थोड्या मऊ दिसतात, पण अक्षरं आणि नकाशा मूळ रिझोल्यूशनमध्येच राहतात. पडद्याचं रिझोल्यूशन उतरवण्यापेक्षा हे केव्हाही बरं. तळ ६२-६४ वर स्थिरावला.

मग गेमची मर्यादा ६० ला बांधली. मुलगा म्हणाला, "पण मैदानात ९० मिळत होते की!" मिळत होते. पण मैदानातून शहरात शिरताना ९० चे ६२ होताना हाताला जाणवतं, आणि कायम ६० असताना ते जाणवत नाही. शिवाय कार्ड मैदानात पूर्ण ताकदीने धावत नाही, त्यामुळे कमी तापतं.

लक्ष्य कसं ठरवायचं

मी वापरतो तो नियम असा. जड जागेतला तळ मोजा आणि लक्ष्य त्या तळाच्या थोडं खाली ठेवा. मॉनिटरच्या खोक्यावरचा आकडा फक्त वरची मर्यादा सांगतो, तिथपर्यंत पोहोचायलाच हवं असं नाही. एकाच मॉनिटरवर व्हॅलोरंटसाठी १४० आणि कथेच्या जड गेमसाठी ६० असं वेगवेगळं लक्ष्य ठेवण्यात काहीच चूक नाही.

पुढचा भाग मॉनिटरच्या अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकवर अवलंबून आहे. हे चालू असलं की मॉनिटर आपल्या ठरलेल्या वेळा सोडतो आणि फ्रेम तयार झाली की तेव्हाच पडदा रंगवतो. एएमडी त्याला फ्रीसिंक म्हणते. एनव्हिडिआने जानेवारी २०१९ पासून जीटीएक्स १० मालिकेच्या आणि पुढच्या कार्डांना डिस्प्लेपोर्टवरून असे मॉनिटर चालवायला मुभा दिली. त्यांच्या कंट्रोल पॅनलमध्ये `Set up G-SYNC` या पानावर ते चालू करायचं असतं. मॉनिटरच्या मेन्यूत आणि ड्रायव्हरमध्ये, दोन्हीकडे चालू केलं तरच ते चालतं.

याला एक हद्द असते, बऱ्याच मॉनिटरांत ४८ ते १४४. त्या हद्दीत ५७ असो की ९३, चित्र फाटत नाही आणि झटकाही बसत नाही. वरच्या टोकाला मर्यादा तीन-चार फ्रेम खाली बांधा, १४४ ला १४०, म्हणजे गेम हद्दीबाहेर उडी मारणार नाही. खालच्या टोकाला आकडा ४८ च्या आसपास घुटमळत असेल तर काही व्हीए पॅनलांवर अंधाऱ्या दृश्यांत उजेड लुकलुकतो. लोडिंगच्या काळ्या पडद्यावर हे जास्त दिसतं. पॅनल बिघडलाय असं समजू नका. सेटिंग उतरवून तळ ५५ च्या वर न्या, लुकलुक बहुतेक थांबते.

अ‍ॅडॅप्टिव्ह सिंक नसेल तर भागाकार बघावा लागतो. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर ६० एफपीएस म्हणजे एका फ्रेमच्या वाट्याला २.४ फेऱ्या. अर्धी फेरी कोणालाच मिळत नाही, म्हणून काही फ्रेम दोन फेऱ्या दिसतात आणि काही तीन. आकडा स्थिर असूनही कॅमेरा फिरवताना बारीक झटके बसतात ते यामुळे, आणि लोक उगाच ड्रायव्हर बदलत बसतात. उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये पडदा १२० हर्ट्झवर आणा, गेम ६० ला बांधा आणि व्ही-सिंक चालू ठेवा. आता प्रत्येक फ्रेमला बरोबर दोन फेऱ्या मिळतात. १४४ वरच राहायचं असेल तर ७२ किंवा ४८ बांधा. ६० हर्ट्झच्या पडद्यावर ६० नाहीतर ३०, मधला ४५ घेऊ नका.

मॉनिटर अजून घ्यायचा असेल तर एवढंच बघा: जीटीएक्स १६५० च्या ताकदीच्या कार्डाला १०८०पी हीच जागा आहे. त्यावर ४के पडदा जोडला तर ठिपके चौपट होतात आणि जड गेम मूळ रिझोल्यूशनवर चालतच नाहीत. मग ताणलेलं, धूसर चित्र बघत बसावं लागतं.

सहावी तपासणी: उष्णता आणि रॅम

पंधरा-वीस मिनिटांनी एफपीएस घसरत असतील तर टास्क मॅनेजरच्या `Performance` मध्ये जीपीयूचं तापमान बघा. ८५ अंशांच्या वर जाऊन तिथेच राहत असेल आणि त्याच वेळी आकडा पडत असेल, तर कार्ड स्वतःला वाचवायला वेग कमी करतंय. नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते, तिथे हिवाळ्यात ठीक चालणारा संच उन्हाळ्यात याच कारणाने अडखळतो. वीज बंद करून, बाजूची पट्टी काढून, ब्लोअरने धूळ उडवा. पंखे बोटाने धरून ठेवा, हवेच्या जोराने गरगर फिरू देऊ नका. कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. मर्यादा ६० ला बांधणं हाही उष्णतेवरचा फुकटचा उपाय आहे.

रॅमसाठी त्याच ठिकाणी `Memory` मध्ये `Slots used` बघा. चारपैकी किंवा दोनपैकी एकच जागा भरलेली असेल आणि प्रोसेसरची अडचण सापडली असेल, तर तशीच दुसरी पट्टी लावण्यात पैसे सार्थकी लागतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या संचात तर हा फरक फार मोठा असतो, कारण तिथे ग्राफिक्सही त्याच रॅमवर जगतात.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

गेम नसतानाही पडद्यावर रंगीत चौकटी, रेघा किंवा ठिपके दिसत असतील आणि केबल बदलूनही जात नसतील, तर कार्ड किंवा पॅनल आजारी आहे. शक्य असेल तर मॉनिटर दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. दोष मॉनिटरसोबत गेला तर पॅनलचा, नाही गेला तर कार्डाचा. एवढं कळलं की तुमचं काम संपलं.

गेम सुरू होताच अख्खा संच बंद पडतो किंवा जळका वास येतो, तर तो पुन्हा चालू करून बघू नका. पॉवर सप्लायचा डबा कधीही उघडायचा नाही, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक व्होल्टेज राहतं. मॉनिटरची मागची बाजूही तशीच, आणि ती उघडली की वॉरंटी हातची जाते. धूळ साफ करूनही कार्ड तापत असेल तर थर्मल पेस्ट बदलावी लागेल. ते काम पहिल्यांदाच करत असाल तर दुरुस्तीवाल्याकडे द्या, आणि कार्ड वॉरंटीत असेल तर त्याचा स्क्रूसुद्धा हलवू नका.

दुरुस्तीला नेताना कागदावर चार गोष्टी लिहून न्या: विंडोजमध्ये दिसणारे हर्ट्झ, कोणत्या पोर्टला कोणती केबल होती, जड जागेतला तळ १०८०पी आणि ७२०पीवर किती, आणि त्या वेळचं तापमान. सोबत बिल आणि मॉनिटरची मूळ केबलही न्या.